बटणची आई, माजी सदस्य

टेलरबाईंना गप्प बसणं कधी जमलंच नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या इंटरनेटवर बोलत. नवी कात्री घेतली की तिचं कौतुक लिहायचं, धागा तुटका निघाला की विकणाऱ्याची बिनपाण्याने करायची, आणि शिवणकामाच्या कुठल्याशा व्हिडिओखाली 'ताई, डावी बाही उजवीकडे लावलीत हो' असं टाकून मोकळं व्हायचं. सगळीकडे नाव एकच, 'बटणची आई', आणि शेजारी दुकानाच्या दारातला हसरा फोटो. बटण म्हणजे त्यांची लेक. लहानपणी बटणांचा डबा मांडीवर घेतल्याशिवाय ती जेवायची नाही, म्हणून ते नाव पडलं. आपण बोलून विसरून जातो ते तिथे वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, हे मात्र बाईंच्या गावीही नव्हतं.

बटण आता बालवाडीच्या बाई होण्याचं शिक्षण घेत होती. एका दुपारी ती वर्गातून आली ती थेट दुकानात, आणि पर्स शिलाई टेबलावर आपटली.

"आई, तू माझ्याबद्दल क-काय काय लिहून ठेवलंयस?"

झालं होतं असं. वर्गातल्या एका मुलीला ड्रेस शिवायचा होता. तिने बाईंचं दुकान शोधलं, तिथे 'बटणची आई' दिसली, आणि तेच नाव पुन्हा शोधल्यावर पालकांच्या एका फोरमवर जाऊन पोचली. तिथे बाईंनी चौदा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं: 'माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बोलताना अडखळते. चारचौघांत मला तिची लाज वाटते, आणि मग स्वतःचीच वाटते. काय करू?' खाली मुलीचं खरं नाव, शाळेचंसुद्धा. त्या मुलीने हे सगळं वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, वर अडखळण्याची नक्कलही केली.

"पुढच्या आठवड्यात माझा पाठ आहे. मुलांना गोष्ट सांगायची. ते सगळं जाईपर्यंत मी त्या वर्गात पाऊल ठेवणार नाही," बटण म्हणाली.

बालवाडीत शिकवणं म्हणजे पोरीचा जीव की प्राण होता. त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या.

खरेदीच्या साइटवर बरं होतं. 'माझे अभिप्राय' उघडायचं, पानावरच्या सगळ्या चौकोनांत एकदम खूण करायची, काढून टाकायचं, की पुढचं पान. कात्रीचं कौतुक गेलं तेव्हा बाई हळहळल्या, "चांगली होती गं कात्री." बटणने पुढचं पान उघडलं. व्हिडिओखालच्या टिप्पण्या मात्र एकेक करून काढाव्या लागल्या. प्रत्येक वेळी 'नक्की काढायचं?' असा प्रश्न यायचा. "नक्की म्हणजे काय, अगदी नक्की!" असं बाई पडद्याला खडसवत होत्या.

फोरमवर गाडी अडली. एवढ्या जुन्या लिखाणाला बदलण्याचं किंवा काढण्याचं बटणच उरलेलं नव्हतं.

"खातंच बंद करून टाक ना! सगळं आपोआप जाईल," लेक म्हणाली.

बाईंनी माउस तिथे नेलाही. पण कापडाला कात्री लावण्याआधी पुन्हा एकदा मोजायची सवय हाडात मुरलेली. त्यांनी चष्मा चढवून खालची बारीक अक्षरं वाचली. खातं बंद केलं तर लिखाण जाणार नव्हतं. फक्त लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी 'माजी सदस्य' येणार होतं. मजकुरातलं लेकीचं नाव जिथल्या तिथे, आणि हे माझंच आहे हे सांगायला मग हातात खातंही नाही.

"वाचलो बाई," त्या म्हणाल्या, आणि फोरम सांभाळणाऱ्या काकांना निरोप पाठवला. फोटोच्या जागी फुलाची कुंडी ठेवणारे हे काका. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तासाभरात उत्तर आलं.

'ताई, तुमचं सगळं लिखाण मी एका झटक्यात काढू शकतो. पण त्या चर्चेची सुरुवातच तुमच्या प्रश्नाने आहे. तो काढला की खालची सगळ्यांची उत्तरं त्याच्यासकट जातील. आजही नवे पालक ती वाचतात. दुसरा मार्ग असा: मुलीचं नाव, शाळा मी सगळीकडून पुसतो, इतरांनी तुमचं वाक्य उद्धृत केलंय तिथूनसुद्धा. मग तुम्ही खातं बंद करा. शोधलं तर जुनं काही दिवस दिसेल, नंतर जाईल. कुणी फोटो काढून ठेवला असेल तर मात्र माझा इलाज नाही. तुम्ही सांगाल तसं.'

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "जगाचं मी काय बघत बसू? माझं पोर आधी." त्यांनी 'सगळं काढा' असं टाइप केलं.

बटणने त्यांचा हात धरला. "थांब. मी फक्त पहिलंच ऐकलंय. तेही त्या मुलीच्या तोंडून."

ती वाचू लागली. बाई उगाच टाचण्या गोळा करत राहिल्या. खाली कितीतरी अनोळखी माणसं आपल्या आईशी मायेने बोलत होती, हे बटणला पहिल्यांदाच दिसत होतं. एका उत्तरापाशी ती थबकली.

'तुम्ही शिवणकाम करता ना? ती बोलायला आली की मशीन बंद करा. पाय पायडलवरून खाली ठेवा. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आईला घाई नाही, हे तिला दिसू दे.'

बटण वळून आईच्या पायांकडे बघत राहिली. आजवर ती बोलू लागली की मशीन थांबायचं. कितीही गर्दी असो, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो. तिला वाटायचं, आईचे पाय दुखतात.

"हे को-कोणी लिहिलंय?"

नावाच्या जागी 'माजी सदस्य' होतं.

"ती बाई कधीच खातं बंद करून गेली," टेलरबाई म्हणाल्या. "मी आभार मानायला गेले, तर नाव नाही, पत्ता नाही. मी तिचे पाय धरले असते गं. तिने मला आई व्हायला शिकवलं." आणि मग त्यांना रडू आवरेना.

बटणने आईचं टाइप केलेलं पुसलं आणि स्वतः लिहिलं: 'काका, नावं काढा. प्रश्न राहू द्या.'

दोन दिवसांनी काकांचं काम झाल्याचा निरोप आला. दोघींनी चर्चा वरपासून खालपर्यंत पुन्हा तपासली, कुठे नाव राहिलं नाही ना म्हणून. मग बाईंनी काकांचे तोंड भरून आभार मानले आणि खातं बंद केलं. आता तिथे एक माजी सदस्य विचारत होती, काय करू, आणि दुसरी माजी सदस्य तिला सांगत होती, पाय खाली ठेवा.

"त्या मुलीच्या फोनमध्ये असेलच की अजून," बाई चाचरत म्हणाल्या.

"असू दे. वाचू दे तिला खालचंही."

पाठाच्या आदल्या दिवशी बटण दुकानात गोष्टीचा सराव करायला उभी राहिली. "एक होता ह-ह-हत्ती..." बाईंचा पाय सवयीने पायडलवरून खाली आला.

"चालू ठेव मशीन, आई," बटण म्हणाली. "ती पोरं काय ग-गप्प बसणार आहेत का?"

बाईंनी पाय पुन्हा पायडलवर ठेवला. मशीनच्या खडखडाटात हत्ती अडखळत, धडपडत, पण शेवटपर्यंत चालत गेला. डोळे भरून आल्यामुळे बाईंची टीप मात्र पार वाकडी गेली, आणि ती त्यांनी उसवली नाही.