मामांनी बदललेल्या वायरी

नऊ फेब्रुवारीला खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाईंनी केबलच्या ऑफिसात एक हजार एकशे एकोणपन्नास रुपये भरले आणि मोठा प्लॅन घेतला. डाउनलोड पन्नास, अपलोड दहा. त्यांना खरी गरज होती ती दुसऱ्या आकड्याची. त्यांचे विद्यार्थी ऐकू न येणारी मुलं, दूरदूरच्या गावांत राहणारी. बाई घरातून कॅमेऱ्यासमोर हातांनी बोलायच्या आणि मुलं आपापल्या घरी ते बघायची. बाईंचं चित्र पलीकडे पोचतं ते अपलोडवर. ते अडलं की बाईंचे हात हवेतच गोठायचे. बोलणं तुटलं तर माणूस अंदाजाने जोडून घेतो, पण अर्धवट थांबलेल्या हाताचा भलताच अर्थ होतो.

मोठा प्लॅन घेऊनही हात गोठायचे थांबेनात, तेव्हा बाईंनी तक्रार केली आणि ऑफिसने मामांना पाठवलं.

मामा म्हणजे त्या ऑफिसचे सगळ्यात जुने लाइनमन. ऑफिस त्यांच्या सख्ख्या भाच्याचं. भाचा त्यांना मामा म्हणायचा, म्हणून नोकर म्हणायला लागले आणि मग गिऱ्हाइकंही. शाळा सोडून उनाडक्या करणाऱ्या या भाच्याला पहिल्यांदा खांबावर चढवलं ते मामांनीच. वायर कशी सोलायची, कनेक्टर कसा दाबायचा, कुत्रा असलेल्या घरात आधी काय विचारायचं, सगळं त्यांनी शिकवलं. पुढे भाच्याने धंदा वाढवला, काचेचं केबिन केलं. मामांनी हातातली पक्कड काही सोडली नाही. मालक व्हायला डोकं लागतं, आपल्याकडे हात आहेत, असं ते म्हणायचे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

त्यांचा एक नियम होता. वायर आपली, कॉम्प्युटर ऑफिसचा. मॉडेमपर्यंत सिग्नल चोख पोचवायचा आणि तिथून परतही चोख यायला हवा, एवढं आपलं काम. कोणाला किती स्पीड द्यायचा ते ऑफिसात ठरतं, तिकडे नाक खुपसायचं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तो नियम मोडला नव्हता.

बाईंच्या घरी त्यांनी आधी स्पीड मोजला. डाउनलोड अठ्ठेचाळीस, म्हणजे झकास. अपलोड शून्य पूर्णांक नऊ. मग लॅपटॉपवर मॉडेमच्या आतलं पान उघडलं. येणारा सिग्नल ठीक होता. परतीच्या सिग्नलची लेव्हल मात्र त्रेपन्न.

"हे बघा," मामा बाईंना म्हणाले, "हा आकडा चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असला की मॉडेम साध्या आवाजात बोलतोय. पन्नाशी ओलांडली की समजायचं, त्याला घसा फोडून ओरडावं लागतंय. वाटेत कुठेतरी आवाज खाल्ला जातोय."

"तो ओरडतोय आणि मुलांना मी मुकी दिसतेय," बाई म्हणाल्या. हे त्या हसून म्हणाल्या, पण मामांना काही हसू आलं नाही.

आवाज खाणारी वस्तू लगेच सापडली. गच्चीवर एका वायरीच्या तीन वाटा करणारा एक जुनाट स्प्लिटर होता. त्यातल्या दोन वाटांना काहीच जोडलेलं नव्हतं, आणि तिसरीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून तार हिरवी पडली होती. मामांनी स्प्लिटर काढून टाकला, नवी वायर थेट ओढली, कनेक्टर नवे बसवले. लेव्हल चव्वेचाळीसवर आली. मामांचा चेहरा खुलला.

अपलोड मोजलं. शून्य पूर्णांक नऊ.

त्यांनी भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, मॉडेम जुना झालाय, नवा द्या. बाईंनी नवा मॉडेम विकत घेतला, मामांनी तो बसवला, ऑफिसने तो बाईंच्या खात्यावर चढवला. पुन्हा तेच. पुन्हा फोन केला तेव्हा भाचा म्हणाला, त्या भागात लाइनवर गोंगाट आहे, बाहेरचे सिग्नल मिसळतायत, आठवडाभरात निवळेल. मामांना ते पटलं. पटणारच, बोलणारा भाचा होता.

बाईंना मात्र आठवडा परवडणारा नव्हता. त्यांनी सांगितलं की मुलांच्या आयांनी शाळेकडे तक्रार केली आहे आणि महिनाअखेर मोठ्या बाई स्वतः वर्ग बघणार आहेत. तेव्हाही हेच झालं तर वर्ग दुसऱ्या कोणाकडे जाईल. एवढं बोलून त्यांनी लॅपटॉप मामांकडे वळवला. पडद्यावर मुलं स्वच्छ दिसत होती. एक मुलगी आपल्या कपाळाला हात लावून काहीतरी करत होती.

"काय म्हणतेय ती?" मामांनी विचारलं.

"बाई, तुम्ही कुठे गेलात, असं विचारतेय. मी तिच्यासमोरच बसलेय."

मामा म्हणाले, "बाई, मी शब्द देतो. महिनाअखेरच्या आत हे ठीक करून देईन. माझ्या हाताखालून गेलेली लाइन अशी राहत नाही."

नको तो शब्द त्यांनी दिला तो इथे. घरी जाताना त्यांच्या मनात एक गोष्ट टोचत राहिली. लाइनवर गोंगाट असेल तर आकडा नाचतो. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, मध्येच कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं जातं. इथे मॉडेमच्या नोंदीत एकही तक्रार नव्हती आणि आकडा सकाळ-संध्याकाळ खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखा तिथेच उभा होता. हे आपल्याला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. आपण बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खणातला टेस्टचा मॉडेम घेऊन ते बाईंकडे गेले. तो मॉडेम ऑफिसचा असल्याने त्यावर कुठलीच मर्यादा नव्हती. बाईंच्याच वायरीला त्यांनी तो लावला. अपलोड एकोणीस. काढला, बाईंचा लावला. शून्य पूर्णांक नऊ. भिंत तीच, वायर तीच, कनेक्टर तोच. पुन्हा उलट करून पाहिलं, तेच आकडे.

बाईंनी विचारलं, सापडलं का. मामा म्हणाले, आलोच मी. पण ते लगेच उठले नाहीत. हातातला कनेक्टर बराच वेळ फिरवत बसले.

मॉडेम सुरू होताना ऑफिसकडून एक प्रोफाइल उचलतो. येताना किती, जाताना किती, ते त्यात लिहिलेलं असतं. वायर सोन्याची केली तरी मॉडेम त्या लिहिलेल्या आकड्यापलीकडे जात नाही. मामांना हे ठाऊक होतं. फक्त ते ऑफिसचं काम होतं.

ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी मुलगी डबा उघडत होती. मामांनी तिला बाईंचं खातं उघडायला सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्यात डोकावले. पैसे दहाच्या प्लॅनचे जमा होते. प्रोफाइल होतं येताना पन्नास, जाताना एक.

"चुकून झालंय का हे?" मामांनी विचारलं.

मुलीने डबा बंद केला. "मामा, तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या अख्ख्या भागाला हेच आहे. म्हणजे जे मोठ्या प्लॅनवर आहेत त्या सगळ्यांना. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार."

आम्हाला. म्हणजे अख्ख्या ऑफिसला. मामा केबिनमध्ये शिरले. भाचा फोनवर होता. त्याने हातानेच बसा म्हटलं. मामा उभेच राहिले.

भाच्याने काही नाकारलं नाही. परतीची वाट मुळातच अरुंद असते, तो समजावू लागला. एका लाइनवरची सगळी घरं ती वाटून घेतात. त्या भागात गिऱ्हाइकं वाढली, वर दोन मोठी ऑफिसं आली आणि वाट तुंबली. लाइन फोडून दोन करायची तर खर्च फार. मग घरगुती लोकांचं अपलोड आवळलं. घरात अपलोड कोण बघतं, सगळे सिनेमे तर बघतात.

"आणि पैसे दहाचे घेतोस."

"मामा, लाइन फोडली की देणारच आहे मी."

"मग मला तिथे का पाठवत होतास? वायरी बदलायला? त्या बाईंना नवा मॉडेम घ्यायला लावलास माझ्या तोंडून."

भाचा थोडा ओशाळला, पण थोडाच. "तुम्ही जाऊन वायर बदलून आलात की लोक दोन-तीन महिने गप्प बसतात. दुसरा कोणी गेला तर भांडतात. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे, मामा. त्याचा ऑफिसला उपयोग होतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. तुम्हाला जमत नाही ते. आता तुम्ही कुठे खोटं बोललात? तुम्हाला तर माहीतच नव्हतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. भाच्याच्या आवाजात कावा नव्हता, उलट आपण मामांची काळजीच घेतली असं त्याला मनापासून वाटत होतं. मामांना राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर घरं येत होती. शिवणकामाचे व्हिडिओ टाकणारी, तिला तीन वेळा कनेक्टर बदलून दिले होते. नकाशे काढणारा, त्याच्या घरी भिंत फोडून नवी वायर टाकली होती आणि त्याच्या आईने चहा दिला होता. प्रत्येक ठिकाणी मामा म्हणाले होते, आता बघा फरक पडेल.

भाच्याने तोडगा काढला. बाईंचं प्रोफाइल आत्ताच्या आत्ता दहाचं करतो, मॉडेमचे पैसेही परत देतो. फक्त मामांनी बाकीच्यांकडे बोलायचं नाही.

"बाईंचं कर," मामा म्हणाले. "बाकीच्यांना मी सांगणार."

"म्हणजे तुम्ही माझा धंदा बुडवणार. घरच्या माणसाचा."

"मी कोणाच्या घरचा होतो, ते मला आज कळलं."

बाहेर सगळं ऐकत असलेल्या मुलीने केबिनच्या काचेतून मालकाकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यावर तिने बाईंचं प्रोफाइल बदलून टाकलं. मामा बाईंच्या घरी गेले, मॉडेम बंद करून सुरू केला. अपलोड साडेनऊ. बाईंनी कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात हलवून पाहिले आणि पलीकडून मुलांनी हात हलवले.

मग मामांनी सगळं सांगितलं. मॉडेमला काही झालं नव्हतं, तो तुम्ही उगाच घेतलात, हेही सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मी तुमच्या शब्दावर थांबले हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर पहिल्याच आठवड्यात कंपनी बदलली असती."

मामा म्हणाले, मला ठाऊक नव्हतं. हे खरं होतं आणि ते बोलताना त्यांना आपण भाच्याचंच वाक्य बोलतोय असं वाटलं. बाईंनी त्यांना दारापर्यंत सोडलं. पुन्हा या, असं त्या दर वेळी म्हणायच्या, ते या वेळी म्हणाल्या नाहीत. बाईंचा वर्ग त्यांच्याकडेच राहिला. पुढच्या महिन्यात त्यांनी कनेक्शन मात्र दुसऱ्या कंपनीचं घेतलं.

मामा बाकीच्यांच्या घरी एकेक करून गेले. कोणी शिव्या दिल्या, कोणी भाच्याला फोन लावला. नकाशे काढणाऱ्याने शांतपणे विचारलं, मग माझी भिंत का फोडली. शिवणकामवालीला मामांचं म्हणणंच पटेना. मामा कशाला असं करतील, ती म्हणत राहिली, आणि ते ऐकणं शिव्यांपेक्षा जड गेलं. रात्री बहिणीचा फोन आला. ती रडली नाही, भांडलीही नाही. दादा, घरचं घरात ठेवता आलं असतं, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मामांनी शिडी, पक्कड आणि टेस्टचा मॉडेम ऑफिसात नेऊन दिला. पक्कड खरं तर त्यांची स्वतःची होती, पण ते मुलीच्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता ते एका दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. गिऱ्हाइकाला ते कधीही, आता फरक पडेल, असं म्हणत नाहीत. यंत्र चालू करून दाखवतात आणि गप्प बसतात.

ऑफिसकडून त्यांच्या शेवटच्या आठवड्याच्या पेट्रोलचे एकशे ऐंशी रुपये अजून यायचे आहेत.