चाचांच्या दुकानाचा डेटाबेस

आखातात, अल मन्सूरात, रत्नागिरीच्या एका चाचांचं एसीच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. त्यांच्यासाठी मी स्टॉकचं ॲप लिहायला घेतलं, तेव्हा डेटाबेस कोणता वापरायचा यावरून माझे दोघे रूममेट आपापला झेंडा घेऊन उभे राहिले. एकाला मोंगोडीबी हवं होतं, कारण म्हणे प्रत्येक पार्टची माहिती वेगळी, आणि त्यात प्रत्येक नोंद वेगळ्या साच्याची चालते. अरे, पण माल कुणाकडून आला, कुठे गेला, किती उरला, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्याला सरळ ओळी-रकान्यांची टेबलंच बरी. दुसरा पोस्टग्रेसवर अडून बसला. ते मलाही आवडतं, ऑफिसात तेच वापरायचो. पण त्याचा सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, आणि माझा तिथला नोकरीचा करार लवकरच खलास होणार होता. मग अपडेट काय चाचा करत बसणार?

मी एसक्यूलाइट घेतलं. टेबलं त्यातही असतात, पण वेगळा सर्व्हर लागत नाही. सगळा डेटा दुकानातल्या कॉम्प्युटरवर, एका फाइलमध्ये. चाचांचं अल रय्यानचं गोदाम ब्राउझरमधून त्याच ॲपवर यायचं. फाइलला थेट हात कुणी लावायचा नाही. एका वेळी एकच नोंद लिहिली जाते, पण एवढ्याशा धंद्यात ते जाणवतसुद्धा नाही. रोज संध्याकाळी ॲप स्वतःच पेन ड्राइव्हवर बॅकअप काढायचं.

मी पुण्याला परतलो. परवा चाचांचा फोन आला. जुना कॉम्प्युटर जळाला होता. त्यांच्या मुलीने नव्यावर ॲप टाकलं, बॅकअपची फाइल जागेवर ठेवली आणि दुकान सुरू.

"मग मला फोन कशाला केलात?" मी विचारलं.

"तुला फोन करायला कधी कारणच मिळत नाही," चाचा म्हणाले, "म्हणून आज बिनकारण केला."