हौसाची सुरी

नेऱ्याच्या फार्महाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या हौसाने गंजलेल्या सुऱ्या आणि कात्री मीठ-लिंबाने घासून काढल्या. धुऊन, खडखडीत कोरड्या करून पात्यांना खोबरेल चोळलं, कात्रीच्या खिळ्यातही थेंब सोडला.

मालकीण निशाने नाक मुरडलं. "शी, किती वास! सगळं तेल पुसून टाक आधी!"

हौसाने दातओठ खात पुसलं.

भर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी निशा आली, तर पाती पुन्हा तांबडी. "एक काम धड होत नाही तुझ्याने!" ती खेकसली.

हौसाने पिशवीतून आपली जुनी लोखंडी सुरी काढून ओट्यावर आपटली. तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

"ही माज्या सासूची हाय. हिला मी रोज तेल लावते. हिच्यावर तुमचा हुकूम चालत नाय."