सत्ताविसावा पॉइंट

धम्मानंद साहेब आमच्या गावात आले तवा काम करणारे सगळे निघून गेले होते. पाईप गाडणारे, टाकी बांधणारे, पॅनेल बसवणारे, ज्यानं त्यानं आपापलं चंबूगबाळं उचललं. जळकोट तालुक्यातल्या आमच्या एवढ्याशा गावात आता कशाला कोण थांबतंय? मागं राहिलं पंपघर, तीन रिकामे ड्रम आन् मी. मी शेषेराव. पाण्याची योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली की पंप चालवायची ऑर्डर मला मिळणार होती. ग्रामसभेच्या आत न्हाई आली तर ती ऑर्डर पळवायला सरपंचाचा भाचा टपलेलाच होता.

साहेब पन्नाशीतले. हाती एक बॅग, बगलेत नकाशांची गुंडाळी. योजना बांधणाऱ्या कंपनीत त्यांचं काम एकच, शेवट करायचा. मला एकदा म्हणले, "शेषेराव, बावीस साईटी झाल्या. एकीचाबी नारळ फुटताना बघितला न्हाई मी. मी येतो तवा मांडव निघालेला असतो."

मुदखेडला त्यांचं घर हाय, पण कुलूप घातलेलं. बायको उज्वला सहा वर्षांमागं गेली. पोरगा हैदराबादला, फोन आला तर आला. हे सगळं त्यांनी सांगितलं न्हाई, केवळाबाईनं काढून घेतलं. केवळाबाई म्हणजे आमची मालकीण, माझी बायको. तिच्यासमोर मुका बी बोलाय लागतो.

पहिल्या दिवशी मी त्यांना जेवाय बोलवलं तर स्वतःची ताटली घेऊन आले आन् ओसरीवरच बसले. केवळाबाई आतनं कडाडली, "परक्यावानी बाहेर काय बसलात? आत या. आन् ती ताटली बॅगंत घाला, आमच्याकडं भांडी हायती!" साहेब लाजले. त्या दिवसापासून रोज दोन टाईम आमच्याच चुलीपुढं.

मग तपासणीचा दिवस उगवला. सल्लागाराचे इंजिनिअर अमरेश, पाणीपुरवठ्याचे एक साहेब, ग्रामसेवक, सगळे आले. एक पंप चालू, तो बंद पाडला की दुसरा आपोआप घेतो का? घेतला. वरची टाकी भरली की पंप थांबतो का? थांबला. एक फेज काढली, पॅनेलनं लगेच ट्रिप घेतली, पंप बंद. मग खालच्या हौदातलं पाणी उतरवलं. पाणी तळाला गेलं की पंप थांबायला पायजे, न्हाई तर कोरडा फिरून जळतो. थांबतोय कशाचा! पाण्यावर तरंगून पंप बंद करणारा फ्लोट असतो, त्याची वायर लांब राहिली होती, तो पाईपला अडकून बसला होता. अमरेशनं हातानं पंप बंद केला आन् वहीत लिहिलं. असे दुरुस्तीचे एकतीस पॉइंट निघाले. सगळे नीट होऊन बंद झाल्याबिगर हस्तांतरणावर सही न्हाई.

फ्लोट दुसऱ्या दिवशी नीट झाला, पुन्हा हौद उतरवून दाखवला, त्यावर सही झाली. खरा वांधा नकाशाचा होता. कंपनीनं जुन्याच नकाशावर 'प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे' असा शिक्का मारून पाठवला होता. त्यात पाईप रस्त्याच्या उजवीकडं, आन् खरा गेलाय डावीकडून, कारण उजवीकडं खडक लागला. अमरेशनं नकाशा परत दिला. फोनवरचा मॅनेजर म्हणत होता, ऑफिसातल्या पोराकडनं कागदावरच लाईन सरकवून घ्या आन् द्या. साहेब म्हणले, "उद्या हा माणूस कुदळ कुठं मारंल?" हा माणूस म्हणजे मी.

मग चार दिवस आम्ही दोघं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. दर व्हॉल्व्ह दोन पक्क्या जागांपासून मोजायचा, लाल पेन्सिलीनं लिहायचा. शाळेची भिंत, हातपंप, मारुतीचा पार. मी विजेच्या खांबापासून मोजू म्हणलं तर म्हणले, "खांब बदलत्यात." कुणी उगंच इतकं जीव लावून मोजतं का? मला लई कौतुक वाटलं.

तीस पॉइंट झाले. राहिला सत्ताविसावा. व्हॉल्व्हवर नंबराच्या स्टीलच्या पट्ट्या लावायच्या होत्या. सगळ्या लागल्या, चार नंबराची न्हाई. हा चार नंबर आमच्या घरापुढच्याच चेंबरात. "नांदेडहून यायची हाय," साहेब म्हणले. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पट्टी काय येईना. एवढीशी पट्टी, आन् तिच्यापायी माझी ऑर्डर अडकून पडलेली. ग्रामसभा पाच दिवसांवर आली. भाच्यानं तर ग्रामसेवकाला चहा पाजायला सुरुवात केली. मी कंपनीला उठता बसता शिव्या घालत होतो, आन् साहेब माझ्याच घरात बसून हुरडा-चटणी वाढून घेत होते.

एक दिवस म्हणले, "शेषेराव, बॅगंतनं टेप आणा." मी हात घातला. टेपखाली कागदाची पुडी. उघडली. चार नंबराची पट्टी, बारीक तारेसकट.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, तुमाला माझंच घर सापडलं का बुडवायला?"

त्यांनी पट्टीकडं बघितलं. खोटं बोलले न्हाईत. "हाव. पहिल्या दिवसापासून माझ्याजवळच हाय."

"का पण?"

"ती लावली की उद्याची गाडी धरायची. तिकडं हिमायतनगरकडं साईट हाय. तिथं पंपघर असंल, हौद असंल. हाक मारून आत कोण बोलवंल?" पट्टी हातात घेत म्हणले, "बायको गेल्यापासून मला वाढून कुणी दिलं न्हाई शेषेराव. चूक झाली माझी."

मी ऐकायच्या मनःस्थितीतच न्हवतो. "आमी तुमाला घरचं समजलो," एवढं बोलून घराबाहेर पडलो. केवळाबाई मागनं हाका मारत राहिली.

त्यांनी तवाच जाऊन पट्टी बांधली, अमरेशला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी अमरेशनं येऊन चेंबरात वाकून बघितली, सत्ताविसाव्यापुढं सही मारली. ग्रामपंचायतीत नकाशांचे तीन संच, चाचणीचे कागद, पंपाची हमी, वापराची पुस्तिका आन् चाव्या टेबलावर ठेवल्या. चाव्या माझ्या हातात देताना साहेब म्हणले, "जयभीम, शेषेराव." मी मान बी वर केली न्हाई. यष्टीपर्यंत गेलो न्हाई. एकटेच बॅग घेऊन गेले.

ऑर्डर मिळाली. तीन महिन्यांनी रस्त्यावर मुरूम टाकला आन् आमच्या घरापुढचा चेंबर गाडला गेला. लाईन फुटली, चार नंबर बंद करायचाय आन् सापडतोय कशाला! मी कपाटातनं नकाशा काढला, फरशीवर पसरला. गावातली सगळी घरं नुसत्या रिकाम्या चौकटी. एकाच चौकटीत बारीक अक्षरात नाव लिहिलेलं. 'शेषेराव व केवळाबाई यांचं घर. उत्तर कोपऱ्यापासून सहा मीटर चाळीस.' आन् हातपंपापासून नऊ मीटर दहा.

मी टेपा ताणल्या. दोन्ही जिथं भेटल्या तिथं कुदळ मारली. दुसऱ्याच घावाला झाकण वाजलं.

व्हॉल्व्ह बंद केला आन् तिथंच मुरमावर बसलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पक्क्या जागेपासनंच मोजायचं असं तेच म्हणायचे. केवळाबाई दारात उभी होती. म्हणाली, "आता तरी फोन लावा की."

मी आधी चेंबरात उतरलो, चार नंबराची पट्टी सोडवली, खिशात घातली. मग फोन लावला.

"साहेब, जयभीम. शेषेराव बोलतोय."

पलीकडनं आवाज आला, "बोला. काय खराबी झाली का?"

"हाव. सत्ताविसावा पॉइंट उघडा हाय. पट्टी माझ्याजवळ हाय, पण ती तुमच्याच हातानं लावायची हाय. सैपाक कधी करायचा, ते केवळाबाई इचारून राहिली."