पानावरचा जिल्हा

आमचं ऑफिस लातुरात डाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि मधे एक बोळ. उन्हाळ्यात डाळीच्या फोलपटाचा धुरळा खिडकीतून येऊन की-बोर्डवर बसायचा, आणि पुसायला फडकं ओलं करावं म्हटलं तर पाणी नसायचं. शहराला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती त्या सालची ही गोष्ट.

मी मूळची इस्लापूरची, नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी बी.ए. झाले, तेही फर्स्ट क्लासमध्ये, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. माझा बाप गावात येईल त्याला सांगायचा, "पोरगी लातूरला कंप्युटरवर काम करून राहिली." काय काम, ते त्याला नीट सांगता यायचं नाही. मलाही त्याला सांगता आलं नाही.

काम असं होतं. जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे पोरगं शाळेत कधी आलं, कधी गेलं, जन्म कुठला, हे सगळं ज्यात लिहिलेलं असतं ती, त्यांच्या पानांचे फोटो आमच्याकडे यायचे. फोटोत दिसेल ते टाइप करायचं. तेच पान दुसऱ्या खोलीतला माणूसही टाइप करायचा. त्यानं काय लिहिलं ते मला दिसायचं नाही, माझं त्याला दिसायचं नाही. कामाच्या वेळी एकमेकांना विचारायची सक्त मनाई होती. मग कंप्युटर दोघांचं लिहिणं शेजारी-शेजारी ठेवायचा. जुळलं ते पुढं जायचं. जुळलं नाही ती ओळ लाल व्हायची. लाल ओळी तिसऱ्याकडे जायच्या. त्यानं पानाचा फोटो उघडायचा, मूळ अक्षर बघायचं, आणि कुणाचं बरोबर ते ठरवायचं. मूळ अक्षरच वाचता आलं नाही तर तिथं प्रश्नचिन्ह ठेवायचं, अंदाज करायचा नाही.

पलीकडच्या खोलीत आपा बसायच्या. लातूरच्याच, जुन्या बाजारातल्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. ऑफिस सुरू झालं तेव्हापासून त्यांची खुर्ची ती. तिसरे म्हणजे सर. चाकूरकडच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि खिशात टँकरवाल्याचा नंबर. टँकर गल्लीत आला की सर काम सोडून घरी पळायचे. त्यांना नावं ठेवत नाही मी. आम्ही सगळेच पळायचो.

मालकांनी सांगून टाकलं होतं की दोनपैकी एक खुर्ची कमी करायची आणि ते टाइपिंग बाहेरगावी पाठवायचं. ज्याच्या नावावर चुका जास्त, त्यानं जायचं. चुकांचा कागद सर बोळातल्या भिंतीवर लावायचे.

पहिल्या कागदावर आपांपेक्षा माझ्या नावावर बऱ्याच जास्त चुका होत्या. दुसऱ्यावर अजून वाढल्या.

मला ते पटेना. मी टाइप करते तेव्हा एकेक अक्षर बघून करते. सरांना म्हटलं, "माझ्या चुका दाखवा."

"दाखवायच्या काय त्यात," सर म्हणाले. "सगळ्या एकाच जातीच्या आहेत. तुम्हाला गावं माहीत न्हाईत. चाकूर तुम्ही अहमदपूर तालुक्यात टाकता, आन् जिल्हा उस्मानाबाद. लातूरचं पोरगंसुद्धा अशी चूक करायचं न्हाई."

"पान उघडलं होतं का तुम्ही?"

"चाकूरला मी तीस वर्षं काढली, बाई. चाकूर कुठं आहे ते मी फोटोत बघू?"

"हाव," मी म्हटलं. "फोटोतच बघा."

सर थकलेले होते. रात्रभर नळाची वाट बघून सकाळी ऑफिसला आलेला माणूस जसा असतो तसे. पण त्यांनी उघडला फोटो. निळ्या शाईतलं, शेपट्या ओढलेलं अक्षर. गाव चाकूर, तालुका अहमदपूर, जिल्हा उस्मानाबाद. स्वच्छ. कुठं खाडाखोड नाही. दुसरं पान उघडलं, तिथंही तेच.

सरांनी पानाच्या वरचं साल बघितलं. मग म्हणाले, "तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. चाकूर तालुकाही लई नंतरचा. जिल्हा झाला त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटलेत." आणि थोड्या वेळानं, ही माझीच चूक असल्यासारखे, "पण आता तर आहे ना."

"आताचं कुठं लिहायचंय? उदगीर जिल्हा होणार म्हणतात. झाला तर काय उदगीरची सगळी पानं बदलायची? उद्या कुणी दाखल्यासाठी आलं, आपला कागद आणि शाळेचं रजिस्टर जुळलं नाही, तर तो कुठं जाईल?"

सरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "तुमचं बरोबर आहे," म्हणाले. मला बरं वाटायच्या आतच पुढं म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून बरोबर आलं."

हे मला झोंबलं. मी बघून लिहिलं म्हणून बरोबर आलं, हे म्हणायला त्यांचं काय जात होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. सर फक्त "बरं" म्हणाले, कारण खाली टँकर आला होता.

नवा कागद लागला. माझ्या नावावरच्या त्या चुका उचलून आपांच्या नावावर गेल्या. आता खुर्ची त्यांची जाणार होती.

चहाला आम्ही जिन्यावर बसायचो. आपा कागद बघून आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. मी त्यांचा कप पुढं सरकवला. त्याच म्हणाल्या, "अगं, पानावर काय होतं ते मला दिसलं होतं की. मी म्हटलं, बिचाऱ्या मास्तरनं जुनं लिहिलंय, आपण बरोबर करू. लेकरांच्या कामाला येईल."

"आपा, आपल्याला बरोबर करायचंच नाही. दिसलं ते लिहायचं."

"हाव गं, कळलं. डोळ्याला कळलं, बोटाला कळायला टाइम लागंल." मग कपातला चहा हलवत म्हणाल्या, "माझी खुर्ची ढिली हाय बघ. उजव्या बाजूला कलंडती. घेशील तेव्हा जपून बस."

त्या हे हसून म्हणाल्या. मला चहा गोड लागला नाही. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याचा इतका शीण मला आधी कधी आला नव्हता.

मग किनवट तालुक्याची रजिस्टरं आली. माझ्या मुलखातली. आडनावं ओळखीची, गावं पायाखालची. बोटं आपोआप चालायची. इतके दिवस अडखळत काम केलेलं, तिथं मला एकदम घरी आल्यासारखं झालं. त्या उन्हाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्यात नुसते काळे खडक उघडे पडले होते असं घरून कळलं होतं, आणि मी इथं बसून त्या नदीकाठच्या गावांची नावं भराभर लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. आपांनाही बोलावलं. पडद्यावर ओळीमागून ओळ लाल.

"आज मी फोटो उघडूनच बसलोय," सर म्हणाले. "हे वाचा."

माझ्या बाजूला होतं: इस्लापूर, तालुका किनवट, जिल्हा नांदेड. आपांच्या बाजूला: इस्लापूर, तालुका किनवट, जिल्हा अदिलाबाद. फोटोतही अदिलाबाद होतं. भाषावार राज्यं झाली त्याआधीचं पान. आमचा मुलूख तेव्हा तिकडं होता, हे मी आजीकडून ऐकलेलंही होतं. पण मी तो शब्द पाहिलाच नव्हता. गावाचं नाव वाचलं आणि पुढचं माझ्या बोटांनी लिहून टाकलं.

"आपा, तुम्हाला कसं ठाऊक?" सरांनी विचारलं.

"मला काय ठाऊक," आपा म्हणाल्या. "मला तर वाटलं, इस्लापूर तिकडंच असंल कुठंतरी तेलंगणात. दिसलं ते लिवलं." आणि माझ्याकडे बघून, "बघ बेटा. तू लई शिकलेली, तरी तुझी बोटं माझ्यासारखीच निघाली."

मला हसूही येईना आणि रागही येईना. सरांचं ते झोंबलेलं वाक्य आता आपांना लागू पडत होतं, आणि तेवढंच मलाही. जिला गाव माहीत नाही तिचं बरोबर येत होतं. जिला माहीत आहे तिचं चुकत होतं. आणि चूक सापडत होती ती फक्त आम्ही दोघी वेगवेगळ्या मुलखांतल्या होतो म्हणून.

हे मनात आलं आणि मी तिथंच थांबले.

"सर," मी म्हटलं, "माझ्या आधी या खुर्चीवर कोण होतं?"

"आपांच्या गल्लीतलीच एक. लग्न होऊन गेली. चांगली होती. तिच्या आन् आपांच्या पानांत लाल ओळ शोधावी लागायची."

आपांना सरांच्या आधी कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सरांनी जुनी पानं काढली. चाकूरची. दोन्ही बाजूंना लातूर, तंतोतंत जुळलेलं, कुठं लाल नाही. शेजारी फोटो उघडला. उस्मानाबाद. पुढचं पान, तसंच. त्याच्या पुढचं, तसंच. दोघींनी प्रेमानं एकच चूक केली होती, आणि दोघींचं जुळलं म्हणून कंप्युटरनं ती खरी मानून पुढं पाठवली होती. तिसऱ्याकडे ती कधी आलीच नव्हती.

सर खुर्चीत मागं टेकले. खाली टँकरचा हॉर्न वाजला. ते उठले नाहीत.

"मालकाला सांगावं लागंल," म्हणाले. "सगळं पुन्हा."

मालक आले, बघितलं, आणि फार बोलले नाहीत. टाइपिंग बाहेरगावी पाठवायचं रद्द झालं. आधी पुढं गेलेलं चुकीचं होतं, ते दुरुस्त करायला आम्ही दोघीही लागणार होतो. लातूरची सगळी पानं मी पुन्हा टाइप करायची, जुनं काही न बघता, आणि माझं लिहिणं जुन्याशी लावायचं. किनवटची उरलेली आपांनी. कुणाची खुर्ची गेली नाही. भिंतीवरचा कागद सरांनी काढून घेतला. पुढं नवी माणसं आली तेव्हा सर टाइपिंगची गती विचारायच्या आधी विचारायचे, "गाव कुठलं?" आणि जोडी लावताना एका गावची दोन माणसं कधी एका पानावर बसवली नाहीत.

गावी गेले तेव्हा बापाला सांगितलं की काम पुन्हा पहिल्यापासून करायचंय. त्याला वाटलं मी नापास झाले. म्हटलं, "न्हाई बा, चुकलेली पानं पास झाली होती म्हणूनच पुन्हा करायचंय." त्याला ते कळलं नाही, आणि मीही जास्त सांगितलं नाही. प्रवासानं अंग आंबलं होतं.

लातूरला परत आल्यावर पहिलं पान उघडलं. गाव चाकूर. आता मलाही पाठ झालं होतं चाकूर कुठं आहे ते. म्हणून मी पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा कापून घेतला. पडद्यावर गावाच्या नावावर तो धरायचा, तालुका वाचायचा, जिल्हा वाचायचा, टाइप करायचा, आणि मग पुठ्ठा सरकवून गाव बघायचं. हात दुखायचा. काम निम्म्या गतीनं व्हायचं. पलीकडच्या खोलीतून आपांच्या की-बोर्डचा आवाज यायचा, तोही हळूच, थांबत थांबत.

एकदा मी बोळातून जाताना आत डोकावले. त्यांच्याही हातात पुठ्ठा होता. बिस्किटाच्या पुड्याचा.