टेंपोचा भरवसा

चौथा दिवस होता ड्युटीचा. सकाळी विमान घेऊन श्रीनगरला जाऊन आलो होतो आणि आता दिल्लीहून पुणे, की सुटलो. अंग नुसतं आंबलं होतं. पुण्याजवळ कासार आंबोलीला घरी आई होती, खुब्याचं ऑपरेशन होऊन अंथरुणात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर ही हटून बसली: पहिलं पाऊल टाकीन ते पोराच्या हाताला धरून. त्या दिवशी संध्याकाळी ओट्यापर्यंत चालायचं ठरलं होतं. मी शब्द दिला होता.

निघण्याआधी दिल्ली विमानतळावरून तिला फोन केला. उशीर झालाच तर आधीच कानावर घालावं म्हणून बोलून गेलो, "पुण्याला दुपारी टेंपो आहे."

"कसला टेंपो? काय आनतोयस?"

जीभच चावली. हवामानाच्या अंदाजात टेंपो म्हणजे मधूनच बिघडणारी हवा. एका वेळी तासाहून कमी, आणि सगळं मिळून दिलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी. हे तिला समजावलं. ती म्हणाली, "मंग ह्यो आपलाच की. शेजारच्या बंगल्याच्या इटा आनतो त्यो. आत्ता हलवतो म्हनतो न् वाट आडवून हुबा ऱ्हातो. टेंपोचा भरवसा धरू नगंस बाबा."

मी हसलो आणि फोन ठेवला. समोर कागद होते.

पुण्याच्या अंदाजात नऊ ते बारा टेंपो, गडगडाटी पाऊस. ही वेळ जागतिक, आपल्याकडे साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे दुपारी अडीच ते साडेपाच. आम्ही पोचणार तीनला, बरोबर त्याच्या तोंडात. तेव्हा पुण्याला उतरता आलं नाही तर जायचं कुठे, तो पर्यायी विमानतळ नीट बघून ठरवायला हवा होता, कारण तिथवरचं इंधन इथूनच भरून न्यायचं असतं. तिथे आपण पोचू त्या वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत हवा धड हवी.

मला मुंबई हवी होती. जवळ, इंधन कमी, आणि खरं कारण हे, की मुंबईला उतरलो तर गाडी करून रात्रीपर्यंत तरी घरी पोचलो असतो. पण मुंबईच्या अंदाजातही त्याच वेळेला तोच टेंपो. अंदाजाची मूळ ओळ, म्हणजे टेंपो सोडून बाकीची हवा, चांगली होती आणि थोड्या वेळच्या पावसाला आमच्या कंपनीच्या पुस्तकात सूट होती. नियमात बसत होतं. कसंबसं.

सहवैमानिक मुलगी हुशार, मोजकं बोलणारी. तिने हैदराबादचा कागद पुढे सरकवला. मंद वारा, तुरळक ढग, टेंपोचं नावही नाही. म्हणाली, दोन्हीकडचे ढग एकाच झाडाची फळं आहेत सर, पुण्याला कोसळलं तर मुंबईला का नाही कोसळणार? मला राग आला. तिच्यावर नाही, ती बरोबर होती त्याचा. हैदराबाद म्हणजे आज घर नाही.

सही करायला पेन उचललं आणि आईचं वाक्य कानात वाजलं. मागे पावणेदोनशे माणसं बसणार होती. मी हैदराबाद लिहिलं आणि तिथवरचं इंधन मागवलं.

पुण्यावर पोचलो, तर टेंपो हटेना. धावपट्टीवरच ढग बसलेला. हैदराबादला जाण्यापुरतं इंधन राखून जेवढ्या घिरट्या घालता येतील तेवढ्या घातल्या. मुंबईची हवा विचारली. तिथेही पाऊस आणि विमानांची रांग. मी वळलो.

हैदराबादला ऊन होतं. पुणं मोकळं झालं तोवर आमचे कामाचे तास संपले. सकाळी दुसरे वैमानिक येणार होते. हॉटेलच्या गाडीत बसून घरी फोन लावला. शब्द मोडल्याचं कसं सांगावं हेच कळत नव्हतं. फोन वाडीवरून कामाला येणाऱ्या बाईंनी उचलला आणि आईला दिला.

"हैदराबादला हाय मी," म्हटलं. "सकाळी येतो. मग चालू."

"चालले की मी," आई म्हणाली. "ओट्यापातुर. हिच्या खांद्याला धरून. लई दुखलं, पर चालले."

बरं वाटलं, तरी राहवलं नाही. म्हटलं, माझी वाट बघणार होतीस ना.

"बगितली की. पाचपातुर बगितली." रागात नव्हती, तेच जास्त लागलं. "मंग म्हनलं, तू सांगितलंस तसंच हाय हे. येतोस तवा तासभर बी टिकत न्हाईस, न् समदं मिळून निम्मं बी न्हाई. आपल्या घरचा टेंपो तूच हायेस, बाळा. त्याच्यावर कुनी चालायचं थांबतं व्हय?"