भाताची ओळ

ताईचं लग्न लखनौमध्येच झालं, मे महिन्यात, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा. बाबा तिथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचे. आम्ही संस्थेच्या कॉलनीत राहायचो. मराठी घरं सगळी मिळून नऊ. मी एकोणीस वर्षांची होते.

तिथली लग्नं संध्याकाळची, वरात येणार, जेवण उशिरा. आमचा मुहूर्त मात्र सकाळी नऊचा. वऱ्हाड नागपूरचं होतं आणि दुपारच्याच गाडीने परतणार होतं, म्हणजे साडेअकराला पंगत बसायलाच हवी. बाबांनी आलमबागच्या एका म्हाताऱ्या हलवायाला काम दिलं. तो सकाळच्या जेवणाची ऑर्डर फारशी घेत नसे. बाबा त्याला म्हणाले, "जितना हो सके, एक दिन पहले बना लीजिए." त्याने मान हलवली. "सोच के बताऊँगा, डॉक्टर साहब."

लगनसराई जोरात होती. तो चिनहटकडे दुसऱ्या लग्नात अडकला, म्हणून स्वतः न येता त्याने चिठ्ठी पाठवली. लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळी, त्याच्याकडे दूध घालणारा भैया ती घेऊन आला. चिठ्ठी उर्दूत होती. त्या पिढीतली कितीतरी माणसं उर्दू शाळेत शिकलेली, हात त्याच लिपीत चालायचा. आमच्या घरात उर्दू फक्त मला यायची. शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, त्यांच्याकडे मी हौसेने तीन वर्षं शिकले होते.

बाबा खुर्चीवर बसले, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि मी वाचत वाचत मराठीत सांगू लागले.

बुंदीचे लाडू दोन दिवस आधी करू. मठरी, म्हणजे खाऱ्या पुऱ्या, आणि शक्करपारेही. वडे आदल्या दिवशी तळून ठेवता येतील, पण दह्यात सकाळीच पडतील. दही रात्रभर टांगून चक्का बर्फावर ठेवू, साखर सकाळी घालू. बटाटे आदल्या दिवशी उकडणार नाही, या उन्हात सकाळपर्यंत आंबतात. कढी, चटणी, पुरीची कणीक, सगळं त्याच दिवशी. एकेका गोष्टीचं कारण त्याने लिहिलं होतं, समजावून, जसं एखाद्या मुलाला सांगावं.

शेवटची ओळ होती ती भाताची. "और चावल, हुज़ूर, किसी सूरत में एक दिन पहले नहीं. बड़े पतीले में बीच का चावल सुबह तक गरम रहता है, और वहीं से बिगड़ता है. न रंग बदलता है, न बू आती है. दोबारा गरम करने से भी ठीक नहीं होता. नारियल पड़ा हो तो और जल्दी."

ही ओळ मी वाचली, मनात. मोठ्याने वाचली नाही.

त्याचं कारण चिठ्ठी येण्याच्या आदल्या दिवशीचं होतं. बाबा म्हणाले होते की सगळा स्वयंपाक हलवायाकडेच द्यायचा, आईने त्यात पडायचं नाही. आई मागच्या अंगणात जाऊन तारेवरचे कपडे एकेक करून काढत रडत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "पोरीच्या लग्नात माझ्या हातचं काहीच नको का? मसालेभात तरी मी करते. त्याला काय कळणार गोडा मसाला?" मग बाबांनी मसालेभात तिला दिला. पण लग्नाच्या सकाळी ती पहाटेपासून विधींना बसणार, उपासाने, सोवळ्यात. भात तिला आदल्या संध्याकाळीच करावा लागणार होता. दुसरी वेळच नव्हती.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले, आणि चिठ्ठी घडी करून माझ्या वहीत ठेवली.

मला वाटलं, हलवायाला काय, त्याचा भात वेगळा. आईचा भात कधी बिघडला होता? आमच्या घरी रात्रीचा भात सकाळी फोडणी घालून खायचोच की. ते चार माणसांचं पातेलं आणि हे सव्वाशे माणसांचं, हा फरक माझ्या डोक्यात आला नाही. किंवा आला, आणि मी तो बाजूला सारला. इतक्या वर्षांत मला हे नक्की सांगता आलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी आईने कॉलनीतल्या दोन बायकांना घेऊन मागच्या अंगणात भात केला. तोंडली, काजू, वर खोबरं-कोथिंबीर. सगळ्या कॉलनीत वास सुटला. दोन मोठी पातेली झाली. गार होऊ नये म्हणून तिने ती गोधड्यांत गुंडाळून ठेवली. त्या दिवशी मी तिला जितकं खूश पाहिलं तितकं नंतर कधी पाहिलं नाही.

सकाळी पातेली हॉलवर नेली. हलवाई भट्टीपाशी होता, डोक्याला पंचा बांधलेला. त्याने झाकण उचललं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बिटिया, यह कब बना?"

आत अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालू होती. आईचा आवाज त्यात मला ओळखू येत होता.

"आज सुबह," मी म्हणाले. "घर पे."

"सुबह? कितने बजे?"

"चार बजे उठ के बनाया अम्मा ने."

त्याने पातेल्याला हात लावून पाहिला. कोमट होतं. "चिट्ठी मिल गई थी न?"

"मिली थी."

"तो ठीक है," तो म्हणाला, आणि भात भट्टीवर चढवून वर तुपाची धार सोडली.

पंगतीत भात मीच वाढला. नवऱ्या मुलाच्या आजी, वडिलांची आई, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. फिकट नऊवारी, हातात बांगड्या नाहीत, चेहरा हसरा. त्यांनी लाडू बाजूला सारला, दात नव्हते म्हणून. भात मात्र दोनदा घेतला. "कुणी केला ग?" त्यांनी विचारलं. "आईने," मी सांगितलं. "इतक्या लांब येऊन घरचा भात मिळाला हो," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि पुन्हा पान पुढे केलं.

स्टेशनवरच दोघांना उलट्या झाल्या. सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. आम्ही घरी परतलो तर कॉलनीतही तेच. ज्यांनी भात थोडा खाल्ला ते संध्याकाळपर्यंत सावरले. मी तर गडबडीत जेवलेच नव्हते. वऱ्हाड कानपूर ओलांडेपर्यंत अर्धं आडवं झालं होतं. झाशीला आजींना उतरवून दवाखान्यात नेलं. ताई लग्नाच्या शालूतच त्यांच्या उशाशी बसून होती, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या ऑफिसात ट्रंक कॉल आला. आजी गेल्या होत्या.

आई त्या दिवशी पाट्यापाशी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "श्रीखंडाने झालं का हो?"

"श्रीखंडच," बाबा म्हणाले. "बर्फ कमी पडला असणार. मी त्याला बजावलं होतं."

आठवड्याभराने हलवाई स्वतःहून आला. उन्हातून सायकल हाकत आलेला, घामाने भिजलेला. बाबांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. तोपर्यंत कॉलनीत आणि संस्थेत बभ्रा झाला होता. पुढच्या दोन घरांनी त्याला दिलेलं काम काढून घेतलं होतं.

"साहब, मेरी चिट्ठी में सब लिखा था," तो म्हणाला. "चावल के बारे में भी."

बाबा माझ्याकडे वळले. "भाताबद्दल काही होतं का ग त्यात?"

आई आत होती. पडद्याखाली मला तिची पावलं दिसत होती.

"नाही," मी मराठीत म्हणाले.

त्याला मराठी येत नव्हतं, पण 'नाही' कळायला भाषा लागत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पडद्याकडे पाहिलं, आणि त्यालाही ती पावलं दिसली असावीत. "हो सकता है मुझसे लिखना रह गया हो," तो हळूच म्हणाला. "बूढ़ा हो गया हूँ." नमस्कार करून तो गेला.

चिठ्ठी वहीतच होती. मी ती फाडली नाही, कुणाला दाखवलीही नाही.

मे महिना आला की मला ती पंगत दिसायची. दुपारी घर सामसूम असताना पुढे केलेलं पान दिसायचं, आणि माझ्या हातात वाढायचा डाव असल्यासारखा हात जड व्हायचा. मी भात खाणं सोडलं. आई विचारायची, "काय ग, पोट बरं नाही का?" मी हो म्हणायचे. एकदा खाला माझ्यासाठी उर्दूतलं काहीतरी वाचायला घेऊन आल्या आणि मला एक अक्षर लागेना. अक्षरं समोर होती, अर्थ येत नव्हता.

पाचएक वर्षांनी, माझं एम.ए. झाल्यावर, मी आलमबागला गेले. दुकान आता लहान झालं होतं, समोसे आणि जलेबी एवढंच. म्हातारा खाटेवर बसून मुलाला पाक बघायला सांगत होता. त्याने मला ओळखलं.

मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "चावल वाली लाइन मैंने नहीं पढ़ी थी. और चार बजे वाली बात झूठ थी."

त्याने चष्मा लावून आपलंच अक्षर वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत.

"मालूम था," तो म्हणाला.

"तो आपने उस दिन कहा क्यों नहीं?"

"किससे कहता? परदे के पीछे तुम्हारी अम्मा खड़ी थीं." चष्मा काढत तो म्हणाला, "अब चिट्ठी नहीं भेजता. जाता हूँ, घर की औरतों को सामने बिठाकर एक-एक चीज़ बोलता हूँ. उस दिन भी जाना चाहिए था."

मी म्हणाले, बाबांना सांगते. त्याने मुलाकडून कागद मागून घेतला. जलेबी बांधून दिली, आणि मला ती घ्यावी लागली.

त्याच संध्याकाळी मी बाबांना गच्चीवर नेऊन सांगितलं. ते कठडा धरून उभे होते. मला वाटलं रागावतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसने आलमबागला गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर कॉलनीत घरोघर जाऊन एवढंच सांगितलं की चूक हलवायाची नव्हती, आमच्या घरातून झाली होती. कुणाकडून झाली, हे कुणी विचारलं तरी बोलले नाहीत. मला म्हणाले, "ताईला मी लिहितो. तुझ्या आईला नको."

ताईचं उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं. सासरी तिने काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती. त्यानंतर तिने माझ्याकडे कधी त्या लग्नाचा विषय काढला नाही. दोघी भेटतो तेव्हा मुलांबद्दल बोलतो.

आईला खरंच कळलं नव्हतं का, हे मला माहीत नाही. मसालेभात तिने पुन्हा केला नाही. आणि साधा भातही, रात्री चार घास उरले तरी, ती लगेच मागच्या अंगणात गाईसाठी नेऊन ठेवायची. "अगं, राहू दे की, सकाळी फोडणी घालू," असं बाबा एकदा म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पातेलं घेऊन बाहेर गेली.